दहा वाजून बारा मिनिटांची दुरुस्ती

डावरा गेला तो मंगळवारी संध्याकाळी. बुधवारी दुपारी चार वाजता त्याला विद्युतदाहिनीत ठेवलं तेव्हा आम्ही मोजून सातजण होतो. त्याची बायको, पुतण्या, पुतण्याची बायको, शेजारचे दोघे, शेवटचे काही महिने घरी येणारी नर्स आणि मी. छापखान्यातला एकही माणूस नव्हता.

डाव्या हाताचा म्हणून डावरा. खरं नाव पगारपत्रकावर होतं, ते तिथंच राहिलं. आमच्या वर्तमानपत्राच्या छापखान्यात तो जुळारी होता. शिशाचे खिळे एकेक उचलून ओळी जुळवायच्या, हे त्याचं काम. बाकीचे सगळे डाव्या हातात खिळे रचायची पट्टी धरून उजव्या हातानं खिळे उचलत, हा नेमका उलटं करायचा. फोरमन पहिल्याच दिवशी म्हणाला होता, "काय रे, आरशात बघून शिकलास का?" मी वरच्या मजल्यावर मुद्रितं तपासायची. त्याचं मुद्रित ओलं ओलं वर यायचं, मी लाल शाईची दौत पुढ्यात ओढायची आणि चूक शोधत बसायची. सापडायची नाही. मग उगीच एखादा स्वल्पविराम हलवायची, नाहीतर बाई नुसत्या बसून पगार घेतात असं झालं असतं. तो स्वल्पविराम खाली जाऊन परत जागच्या जागी यायचा. अशी आमची ओळख झाली, आणि पुढं चाळीस वर्षं टिकली.

त्याची एक सवय होती. छापखान्यातलं कुणीही गेलं, म्हणजे अगदी दोन महिने टिकलेला झाडूवाला असला तरी, डावरा अंत्यविधीला हजर. पुढं पुढं करायचा नाही. मागं भिंतीला टेकून उभा राहायचा आणि सगळं आटोपल्यावर शेवटी निघायचा. एकदा मी विचारलं, "तुला इतकं काय असतं रे?" तर म्हणाला, "बाई, माणूस जाताना खोलीत ओळखीचे चेहरे पाहिजेत. माझ्या वेळी येतील ना सगळे?" मी म्हटलं, "येतील की. न येऊन सांगतात कुणाला!"

वहिनी, म्हणजे त्याची बायको, हे जाणून होती. बुधवारी सकाळी फोनवर ती दुसरं काहीच बोलली नाही. "छापखान्यातल्यांना कळवा बाई. त्यांची तेवढीच इच्छा होती."

"काळजी करू नका," मी म्हटलं. "साडेदहाला पानावर येतं. सगळे बघतात."

हे पान काय, ते सांगायला हवं. वर्तमानपत्र छापणं बंद होऊन सहा वर्षं झाली. छापखान्याची इमारत आता फर्निचरवाल्याची आहे. आमच्याकडे राहिल्या वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या आणि वर्तमानपत्राच्या नावाचं इंटरनेटवरचं पान. त्यावर गावच्या बातम्या, पाणी कधी येणार, कुठला रस्ता बंद, आणि रोज सकाळी साडेदहाला निधनाच्या बातम्या. छापखान्यातले वीसेक म्हातारे अजून हयात आहेत. पूर्वी कुणी गेलं की मीच डायरी उघडून सगळ्यांना फोन करायची. मग एकदा मी अशा दोन घरी फोन लावले, जिथं तो माणूसच आधी गेलेला होता आणि मला पत्ता नव्हता. त्यांच्या बायकांना मी दुसऱ्याच्या मरणाची बातमी देत होते. त्या दिवशी डायरी मिटली आणि उरलेल्यांना सांगून टाकलं, आता रोज साडेदहाला पान बघायचं. सगळ्यांनी ते अंगवळणी पाडून घेतलं. डोळ्यांत औषध घालावं तसं, साडेदहा वाजले की पान.

या दोन खोल्यांत आम्ही तिघं. धाकटे मालक, जे आता पंचावन्न वर्षांचे आहेत, पण त्यांचे वडील थोरले मालक होते म्हणून हे धाकटेच राहिले. मी त्यांना अर्ध्या चड्डीत शाईनं माखलेलं पाहिलंय, त्यामुळे मी त्यांना अरेतुरे करते आणि ते मला मावशी म्हणतात. दुसरी घाईबाई. चाळिशीची, दोन मुलांची आई, सतत धावत. जिना उतरताना तिचा एक हात नेहमी दुसऱ्या बाहीत अडकलेला असतो. पानाचं सगळं काम तीच करते. आणि तिसरी मी, आठवड्यातले तीन दिवस, डोळे चालताहेत तोवर मजकूर वाचायला.

पानावर जे जायचं ते आधी एका सामायिक खात्यात रांगेत लागतं. घाईबाई मजकूर टाकते, वेळ लावते, मी वाचते, आणि मालकांनी मंजुरी दिली की ते आपोआप वेळेवर जातं. मंजुरीचं हे लचांड गेल्या वर्षी आलं. बुटांच्या सेलच्या जाहिरातीवर एका नुकत्याच वारलेल्या आजोबांचा फोटो लागून गेला होता. त्यांच्या मुलानं फोन करून इतकंच विचारलं, "किती टक्के सूट आहे?" मालक दोन दिवस जेवले नाहीत. तेव्हापासून प्रत्येक गोष्टीला मंजुरी, आणि प्रत्येक गोष्टीची नोंद. कुणी पोस्ट लावली, कुणी बदलली, कुणी रद्द केली, किती वाजता, हे सगळं त्या खात्यातल्या एका यादीत आपसूक लिहिलं जातं. ती यादी फक्त मालकांनाच उघडता येते. घाईबाईनं तिला नाव ठेवलं होतं, चहाडखोर.

दाहिनीवर परत येते. चाराला पाच कमी असताना तिथला कर्मचारी दारात येऊन म्हणाला, "सगळे आले का?" वहिनीनं माझ्याकडे पाहिलं. मी रस्त्याकडे पाहिलं. "दहा मिनिटं थांबा," मी म्हटलं. तो थांबला. भला माणूस, पंधरा मिनिटं थांबला. बाहेर एक टॅक्सी आली तेव्हा वहिनी उठून उभी राहिली, पण ती पुढच्या कुटुंबासाठी फुलं घेऊन आली होती. मग कर्मचारी हळूच म्हणाला, "पुढची वेळ साडेचारची आहे."

मी मागच्या भिंतीला टेकून उभी राहिले. निदान त्याच्या जागेवर कुणीतरी असावं म्हणून.

निघताना वहिनी म्हणाली, "विसरले हो त्यांना." रडली नाही. पुतण्याच्या हाताला धरून पायऱ्या उतरली. मी घरी आले ती सगळ्या छापखान्याला शिव्या देत. बाइंडर, मशीनवाला, ते दोघे भाऊ जे शाई मिसळायचे, एकेकाचं नाव घेऊन. यांच्या आईबापांच्या अंत्यविधीला डावरा गेला होता, आणि यांना एक दुपार काढता येईना!

सात वाजता मी बाइंडरला फोन लावला, कारण पोटात मावत नव्हतं.

"काय हो, इतकं काय काम होतं आज?"

"कुठं?"

"कुठं म्हणजे? डावऱ्याला न्यायला!"

पलीकडे टीव्ही बंद केल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, "डावरा गेला?"

मी खुर्चीवर बसले.

"बाई, मी साडेदहाला पान बघितलं. अकराला परत बघितलं. एका शिक्षिकेचं होतं आणि त्या हार्डवेअरवाल्याचं. डावऱ्याचं नव्हतं हो." आणि मग ऐंशी वर्षांचा तो माणूस फोनवर हुंदके द्यायला लागला. "मला कुणी सांगितलं नाही. मला सांगायचं तरी होतंत."

मी पान उघडलं. नव्हतं. दिवसभर मी ते एकदाही उघडलं नव्हतं. सकाळी मजकूर वाचून मी लगेच वहिनीकडे गेले होते, आणि एकदा वाचलेलं परत बघायची सवय मला कधीच नव्हती.

रात्रीच मी मालकांना फोन करून सांगितलं. दुसऱ्या दिवशी ऑफिसात गेले तेव्हा त्यांनी आधीच यादी बघितलेली होती. घाईबाई भिंतीजवळ उभी, खांद्यावरची पिशवी तशीच.

"हिनंच रद्द केली, मावशी," मालक म्हणाले. "बघा ना. रद्द केलेल्या पोस्ट काढल्या, तर ही एकच निघाली. समोर हिचं नाव."

"अगं, का?" मी म्हटलं. माझा आवाज चढला, आवरता आवरेना. "एवढी कसली घाई होती? काल तुला आईला डोळ्यांच्या दवाखान्यात न्यायचं होतं, कबूल. पण जाता जाता एका माणसाचं मरण खोडून गेलीस? तुला ठाऊक आहे तिथं कितीजण होते? सात! त्यातली एक तर नर्स होती!"

घाईबाईनं माझ्याकडे पाहिलं, मग मालकांकडे. "मी संध्याकाळी रद्द केली," ती म्हणाली. "आईला घरी सोडून फोनवर बघितलं, तर पोस्ट तशीच अडकलेली. अंत्यविधी होऊन गेलेला. तसंच राहिलं असतं आणि उद्या कुणी मंजूर केलं असतं, तर 'आज दुपारी चार वाजता या' असं गेलं असतं. म्हणून काढली."

"अडकलेली म्हणजे? मी स्वतः सकाळी मंजुरी दिली होती," मालक म्हणाले. "नंतर मी गाडी चालवत होतो, मग बैठक. तेव्हा काय झालं ते तुलाच माहीत."

"नाही सांगता यायचं मला," ती म्हणाली.

"येत नाही की सांगायचं नाही?" मी म्हटलं.

तिनं पिशवीचा पट्टा नीट केला. तेव्हा मीच म्हटलं, आणि हे मी विसरणार नाही, की मीच म्हटलं: "पूर्ण यादी काढ. वरपासून खालपर्यंत. मला वेळ बघायची आहे. मिनिटासकट."

"बाई, राहू द्या ना," घाईबाई म्हणाली.

"का राहू द्या? चहाडखोराला बोलू दे."

मालकांनी 'रद्द केलेल्या' वरची खूण काढली आणि त्या एका पोस्टची सगळी नोंद पडद्यावर आली. सातच ओळी होत्या. मी खुर्ची पुढं ओढली, चष्मा पुसला आणि मुद्रित वाचावं तसं ओळीवर बोट ठेवून वाचायला लागले, मोठ्यानं.

९ वाजून ८ मिनिटं. पोस्ट तयार केली, साडेदहाची वेळ लावली. घाईबाई.

९ वाजून ३१. मंजूर. मालक.

१० वाजून १२. मजकूर बदलला.

पुढं माझं नाव होतं.

मी बोट तिथंच ठेवलं. बोटाखाली नाव झाकलं गेलं, तर ते मी उचललं आणि परत बघितलं. शेजारी दोन रकाने होते, आधीचा मजकूर आणि नंतरचा. आधीचा शब्द लाल पट्टीत, नवा हिरव्या पट्टीत. आधी होतं, 'छापखान्यातील निवृत्त कर्मचारी'. नंतर झालं होतं, 'छापखान्यातील जुळारी, चौतीस वर्षं'.

मला सगळं आठवत होतं. म्हणजे ते मी विसरले होते असं नाही. त्या सकाळी मला वाचायला उशीर झाला, मंजुरी माझ्याआधीच होऊन गेलेली, आणि वाचताना मला राग आला होता. कर्मचारी! पुतण्याला काय माहीत डावरा कोण होता? ज्या माणसानं एवढी वर्षं गावाच्या बातम्या हातानं जुळवल्या, तो कर्मचारी? हिशेबनीससुद्धा कर्मचारीच असतो. मी दोन शब्द काढले, तीन घातले, छान वाटलं मला. सेव्ह दाबल्यावर मध्येच एक चौकट आली होती, तिच्यात दोन ओळी होत्या, मी 'हो' म्हटलं. वहिनीकडे जायला उशीर होत होता. पन्नास वर्षं मी लोकांनी लिहिलेलं अक्षर न् अक्षर वाचलं, आणि त्या दोन ओळी मी वाचल्या नाहीत.

"पुढं वाच," मी मालकांना म्हटलं. मला पुढचं दिसत नव्हतं.

त्यांनी वाचलं, आवाज खाली आलेला. "१० वाजून १२. मजकूर बदलल्यानं मंजुरी मागं घेतली. सिस्टिम. १० वाजून १२. मंजुरी देणाऱ्याला सूचना पाठवली. सिस्टिम." ते थांबले. खिशातून फोन काढून त्यांनी बराच वेळ बोट खाली खाली ओढलं. "आहे," ते म्हणाले. "आलेली आहे. मी उघडलीच नाही." मग उरलेलं वाचलं. "१० वाजून ३०. मंजुरी नसल्यानं पोस्ट गेली नाही. सिस्टिम. ६ वाजून २०, संध्याकाळ. रद्द केली." शेवटचं नाव त्यांनी वाचलं नाही.

खाली फर्निचरवाला कपाट सरकवत होता, त्याचा घर्र घर्र आवाज वर येत होता. पूर्वी तिथं यंत्र होतं.

"तुला माहीत होतं," मी घाईबाईला म्हटलं.

"पोस्टवर दिसतं ना, शेवटचा बदल कुणी केला ते. तुमचं नाव बघितलं आणि समजले."

"मग सांगितलं का नाहीस?"

"काल संध्याकाळी तुम्हाला फोन केला तर तुम्ही रडत होतात. छापखान्यातल्यांना शिव्या घालत होतात. तिथं मी काय सांगणार, की बाई, तुम्हीच?" ती थांबली. मग पिशवी टेबलावर आपटून म्हणाली, "आणि आज सांगणार होते, एकट्यात. पण तुम्ही आल्या आल्या मलाच फाडून खाल्लंत. मी मरण खोडलं म्हणे! मलाही बाप होता हो बाई. मला कळतं."

मला तिच्या पाया पडावंसं वाटलं आणि जागचं उठताही येईना. "चुकलं गं माझं," एवढंच म्हटलं. तिनं मान हलवली. माफ केलं, असं त्यात काही नव्हतं. ऐकलं, एवढंच.

मालक म्हणाले, "मावशी, आपण असं करू. तांत्रिक अडचणीमुळं बातमी देता आली नाही, क्षमस्व. कुणाचं नाव नको. तसं खोटंही नाही. मीही सूचना बघितली नाही."

"आणि ही ओळ?"

"ती पुसता येत नाही. मलाही नाही. पण बघतंय कोण?"

"मी बघितली," मी म्हटलं. "वहिनीला वाटतंय, सगळे विसरले. तांत्रिक अडचण वाचून ती ओळखेल की त्यांना कळलंच नव्हतं, हे नुसतं आपल्या मनाचं समाधान आहे. मी जाऊन सांगते."

बसनं चार थांबे आहेत. एका ठिकाणी मी उतरून घरी परतायचा विचार केला. उतरलेही. मग पुढची बस आली, तिच्यात बसले.

वहिनीनं दार उघडलं. खाट भिंतीला उभी करून ठेवली होती, त्यामुळे खोली मोठी आणि ओळखू न येणारी दिसत होती. औषधांच्या बाटल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात भरलेल्या. मी बसले नाही. उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, १० वाजून १२ मिनिटांसकट. मंजुरी म्हणजे काय, ती कशी गेली, बाइंडर फोनवर कसा रडला. "ते विसरले नाहीत वहिनी. त्यांना कळलंच नाही. माझ्यामुळं."

ती पदर, बोटं, काही न हलवता ऐकत होती. मग विचारलं, "काय बदललंत?"

"कर्मचारी लिहिलं होतं पुतण्यानं. मी जुळारी केलं. चौतीस वर्षं."

"पुतण्यानं नव्हतं लिहिलं," वहिनी म्हणाली.

ती आत गेली आणि एक वहीचं पान घेऊन आली. ते अक्षर मी कुठंही ओळखलं असतं, डावीकडं कललेलं. त्यानं स्वतःच लिहून ठेवलं होतं, दोन महिन्यांपूर्वी. वरती मजकूर होता, पुतण्यानं जसाच्या तसा पाठवलेला. मीही त्याच मजकुरात चूक काढायला बसले होते. आणि खाली बायकोसाठी दोन ओळी: 'कर्मचारीच लिहा. जुळारी मी तेवीस वर्षं होतो. पुढची अकरा पार्सलं बांधली. त्या पोरांनीही मला निभावून नेलं, त्यांना परकं वाटायला नको.'

अकरा वर्षं. खिळे गेले, संगणक आले, तेव्हा त्याला जिन्याखाली गठ्ठे बांधायला दिलं होतं. मी रोज त्याच्यासमोरून जिना चढत होते. रोज तो सुतळीचा गुंडाळा हातात धरून म्हणायचा, "काय बाई, आज किती स्वल्पविराम?" आणि मी हसून वर जायची. इतकी वर्षं मी सगळ्यांना सांगत आले, मला सगळं आठवतं, कुठल्या खिडकीची काच कधी फुटली तेसुद्धा. आणि त्या अकरा वर्षांत मी त्याच्या हातातली सुतळी काढून खिळ्यांची पट्टी देऊन टाकली होती. मला तो तसाच हवा होता.

लेखकाला विचारल्याशिवाय मजकुराला हात लावायचा नाही, शंका असेल तर बाजूला प्रश्नचिन्ह करायचं. हे मी तीन पिढ्यांना शिकवलं. त्याला विचारता आलं नसतं, खरं आहे. पण वहिनीला एक फोन करता आला असता. तिच्याकडेच तर निघाले होते.

"मला वाटत होतं विसरले," वहिनी परत म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच फुटला. "रात्रभर मी त्यांना म्हणत होते, तुम्ही सगळ्यांकडे गेलात आणि बघा. त्यांना टोमणे मारत होते हो मी. गेलेल्या माणसाला."

मी तिच्या खांद्याला हात लावायला गेले. तिनं खांदा सरकवला. रागानं नव्हे, पण सरकवला.

"मी ते परत लावायला सांगू का?" मी विचारलं. "तो विधी गेला, तो काही परत येत नाही. पण कळेल तरी सगळ्यांना."

"त्यांनी लिहिलं होतं तसंच लावा. त्यातलं काही बदलू नका." मग थोड्या वेळानं, "रविवारी घरी या म्हणावं. चारला."

मी ऑफिसात येऊन सांगितलं. टंकायला बसले नाही. मालकांनी उघडून दिलेल्या यादीतल्या त्या लाल पट्टीत जुना मजकूर होताच, घाईबाईनं तो तिथून उचलला, शेवटी रविवारची ओळ जोडली, वेळ लावली आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "बाई, वाचता?"

"तूच वाच," मी म्हटलं. "मी ऐकते."

तिनं सावकाश वाचलं. घाई न करता काहीतरी करताना मी तिला पहिल्यांदाच पाहत होते. मालकांनी मंजुरी दिली आणि शुक्रवारी साडेदहापर्यंत फोन हातातून खाली ठेवला नाही. शुक्रवारी ते गेलं. अकरापर्यंत माझा फोन नऊ वेळा वाजला. मी प्रत्येकाला तेच सांगितलं, की माझ्यामुळं. एकजण म्हणाला, "असू दे बाई." एकानं मध्येच फोन ठेवला. शाईवाल्या भावांपैकी थोरला म्हणाला, "माझ्या आईच्या वेळी तो पावसात दोन तास उभा होता," आणि रविवारची वेळ दोनदा विचारून घेतली.

रविवारी मी साडेतीनलाच त्या इमारतीखाली पोचले, पण वर गेले नाही. समोरच्या दुकानाच्या पायरीवर बसले. एकेक करून ते येताना दिसले. बाइंडर काठी टेकत. मशीनवाला नातीचा हात धरून. दोघे भाऊ, एकाच रंगाचे कोट घातलेले. आणि मी न ओळखलेले तिघं, पन्नाशीच्या आतबाहेरचे, रुंद हातांचे. ते पार्सलं बांधणारे असणार. त्यातला एक जिन्याशी थांबून दुसऱ्याला म्हणाला, "काकांनी मला गाठ शिकवली रे. डाव्या हातानं." एकूण चौदाजण मी मोजले.

चार वाजून गेल्यावर मी जिना चढले. दार उघडं होतं, खोली भरलेली होती. खुर्च्या पुरल्या नव्हत्या, माणसं भिंतीला टेकून उभी होती. बाहेर चपला-बुटांची रांग जिन्यापर्यंत आलेली. मी माझ्या चपला काढल्या आणि उंबऱ्याबाहेर थांबले.

वहिनी चहाचे पेले घेऊन आतून आली. तिला मी दिसले. तिनं मला आत बोलावलं नाही. पेले वाटता वाटता दाराशी आली, एक पेला माझ्या हातात दिला, आणि उरलेले घेऊन परत त्यांच्यात गेली.